ए आणि व्हीमधली फट

चार मिनिटं. अनघाने त्या पाकिटाला बरोब्बर चार मिनिटं दिली होती, आणि नंतर त्या चार मिनिटांवरून तिने स्वतःला जेवढ्या शिव्या घातल्या तेवढ्या उभ्या जन्मात कुणाला घातल्या नसतील.

कावासाकी स्टेशनपासून सात मिनिटांवर, एका बिल्डिंगच्या सहाव्या मजल्यावर तिचं ऑफिस. वापरलेल्या महागड्या वस्तू ऑनलाइन विकणारी कंपनी. लोक पर्स, पाकिटं, पट्टे विकायला काढतात, फोटो पाठवतात, आणि अनघासारखी आठ माणसं दिवसभर मान मोडून ते फोटो तपासतात. खरं की खोटं? पण खोटं म्हणायचं नाही हं. जपानात असल्या कंपन्यांत कुणी कुणाच्या वस्तूला नकली म्हणत नाही. ‘किजुन-गाई’ म्हणतात. म्हणजे आमच्या निकषात बसत नाही. किती सभ्य शब्द! ऐकणाऱ्याच्या काळजात सुरी मात्र तीच जाते.

अनघा चिंचवडची. नवरा प्रथमेश इथे सॉफ्टवेअरमध्ये, म्हणून नऊ वर्षांपूर्वी आली. आधी भाषा शिकली, मग एका कोनबिनीत, म्हणजे चोवीस तास उघड्या दुकानात, बाइतो, म्हणजे अर्धवेळ काम केलं, आणि चार वर्षांपूर्वी या कंपनीत चिकटली. नजर तिची भलतीच तेज. लहानपणी आईबरोबर साडी घ्यायला गेली की काठातला सुटलेला धागा दुकानदाराच्या आधी हिला दिसायचा, आणि दुकानदार हिच्याकडे खाऊ की गिळू असा बघायचा. तेच डोळे आता पाकिटांवर चालायचे. ‘लावोरे’ नावाच्या फ्रेंच कंपनीची पाकिटं तर तिचाच प्रांत. शंका आली की सगळे म्हणायचे, अनघा-सानना विचारा. सान म्हणजे इथलं आदराचं शेपूट.

त्या सोमवारीही असंच एक लावोरे तिच्याकडे आलं. लांब, झिपचं, काळं, २०१६ साली बनवलेलं. एका सहकाऱ्याने आधीच किजुन-गाई ठरवलेलं, आणि विकणारीने फेरतपासणी मागितलेली. फेरतपासणीच्या अर्जावर नाव दिसतं. नाव होतं सुनेत्रा. सेंदाई.

‘ओळखीच्या आहेत?’ शेजारच्या टेबलावरच्या मुलीने सहज विचारलं.

‘छे, छे! जपानात हजारो भारतीय आहेत,’ अनघा जरा जास्तच जोरात म्हणाली.

आणि इथेच घोडं पेंड खायला लागलं. आपल्या बाईला सूट दिली असं कुणी म्हणायला नको, म्हणून तिने तिच्यावर इतरांपेक्षा जास्त कडक व्हायचं ठरवलं. ठरवलं म्हणजे काय, तसं झालं. तिने फोटो उघडला, संदर्भाचा, म्हणजे कंपनीने अस्सल म्हणून नोंदवलेल्या पाकिटाचा फोटो शेजारी लावला. पाकिटाच्या आत गरम साच्याने दाबून, सोनेरी वर्ख भरून सहा अक्षरं उमटवलेली असतात. एल, ए, व्ही, ओ, आर, ई. फोटोवरून मिलिमीटर मोजता येत नाहीत, कारण कॅमेरा किती लांब होता कुणाला ठाऊक? म्हणून प्रमाण मोजायचं. ए आणि व्ही या दोघांच्या तिरक्या रेघा समोरासमोर येतात, त्यांच्यामधली फट अक्षराच्या उंचीचा कितवा भाग? संदर्भात होती चौथा भाग. या पाकिटात सहावा. वर ठसाही उथळ, कडा अस्पष्ट. किजुन-गाई. चार मिनिटं.

बुधवारी सकाळी ग्राहक विभागातून फोन आला. सेंदाईच्या एक बाई लाइनवर आहेत, जपानी धड येत नाही, इंग्रजीतून रडताहेत, तुम्ही बोलाल का? सेंदाई म्हटल्यावर अनघाला ते नाव लगेच आठवलं. पण नाही कसं म्हणणार?

‘नमस्कार, मी अनघा बोलतेय. मराठीत बोला, चालेल.’

पलीकडे एकदम बांध फुटला. ‘अगं बाई, मराठी! देवच पावला हो! ऐका ना, ते पाकीट माझं नाहीच मुळी. आमच्या खालच्या मजल्यावर चिबा-सान राहतात, शहात्तर वर्षांच्या. त्यांच्या नवऱ्याने त्यांना घेऊन दिलेलं, भर दुकानातून, त्यांच्यादेखत. त्यांना फोनवरून विकता येत नाही, म्हणून मी म्हटलं, द्या, मी करते. हौस हो, दुसरं काय! मी इथे तीन वर्षं आहे, त्यांनीच मला कचरा कसा वेगळा करायचा ते शिकवलं. आणि आता तुमची कंपनी दोनदा म्हणते, बसत नाही. खरं पाकीट त्यांनी माझ्या हातात दिलं आणि माझ्या हातून खोटं निघालं. मग याचा अर्थ काय होतो, सांगा बघू?’

अनघाला अर्थ कळला होता.

‘मी बदललं, असा होतो!’ सुनेत्राच बोलली. ‘निकाल मीच त्यांना सांगितला. त्या तोंडाने काही बोलत नाहीत. पण परवापासून जिन्यात दिसल्या की मान खाली घालून निघून जातात. काल दोन बायका मला बघून बोलायच्या थांबल्या. माझे मिस्टर म्हणतात, सोड, पैसे देऊन टाकू. पैसे दिले की मी चोर ठरलेच ना हो? आणि दोनदा नापास म्हणून शुक्रवारी पाच वाजता माझं खातं बंद होणार, तसं पत्र चिबा-सानना पण जाणार, मूळ मालक म्हणून मीच त्यांचं नाव दिलं होतं. मी काय करू?’

ते पाकीट आपणच नापास केलंय हे अनघाने तिला सांगितलं नाही. कंपनीत ते सांगायची बंदीच असते. पण खरं सांगायचं तर बंदी नसती तरी तिच्या तोंडून शब्द फुटला नसता.

‘ताई, डोळे पुसा आणि पेन घ्या,’ ती म्हणाली. ‘पाकिटातली सगळी कार्डं, पावत्या काढा. जाड पुस्तकाखाली तासभर ठेवा, सपाट होऊ दे. मग खिडकीशी टेबलावर ठेवा. दिवा लावायचा नाही, फ्लॅश तर अजिबात नाही. उजेड एका बाजूने, टेबलालगत आल्यासारखा, तिरका पडला पाहिजे. फोन जवळ नेऊ नका. हातभर लांब धरा आणि दुप्पट झूम करा. फोन बरोब्बर वर, जराही तिरका नको. आणि त्यावर काही क्रीम लावलंय का?’

‘विकायचं म्हणून चमकवलं हो थोडं.’

‘मग कोरड्या मऊ कापडाने अक्षरांवरून हलकेच पुसा. घासू नका, वर्ख निघेल.’

फोन ठेवून ती थेट विभागप्रमुख ओनो-सानच्या टेबलाशी गेली. ओनो-सान तीस वर्षं या धंद्यात, चष्मा केसांत खोचलेला, बोलणं मोजून मापून. अनघाने सांगितलं, ग्राहकाशी माझं बोलणं झालंय, आमची भाषा एक आहे, मला हे पाकीट पुन्हा बघायचंय. ओनो-सान खुर्चीतून तिच्याकडे वळल्या. ‘तिसऱ्यांदा? नियम दोनदाचा आहे.’

‘मी सोमवारी घाई केली.’

‘ठीक आहे. पण निर्णयावर सही माझीही लागेल. आणि मला पटलं पाहिजे, तुम्हाला वाटून उपयोग नाही.’

गुरुवारी सकाळी सुनेत्राचे फोटो आले, आणि काय आले! गुणाची बाई. शिकवलं ते शब्दन् शब्द पाळलेलं. आधीच्या फोटोंत पाकीट कार्डांनी फुगून कमानीसारखं वाकलेलं होतं, फोन अगदी नाकाशी आणलेला, म्हणून मधली अक्षरं मोठी आणि कडेची आक्रसलेली दिसत होती. क्रीम ठशात भरून बसलेलं, म्हणून तो उथळ वाटत होता. आता चामडं सपाट, उजेड तिरका. सहाही अक्षरांच्या डाव्या भिंतीला बारीक, सारख्या जाडीची सावली. कुठे जास्त नाही, कुठे कमी नाही. वर्ख खाली तळाशी बसलेला, कडेवरून सांडलेला नाही. साचा जास्त तापला की चामड्याची कड जळते आणि ओठासारखी फुगून वर येते. इथे तसलं काही नव्हतं. अक्षरांच्या आत चामड्याचे दाणे इस्त्री केल्यासारखे सपाट, बाहेर जसेच्या तसे. इतका सुंदर ठसा तिने वर्षात पाहिला नव्हता.

फट मात्र अजूनही सहावा भागच! चांगली अडचण. फोटोचा दोष निघून गेला तरी आकडा हलेना. एवढा सुबक ठसा उमटवणारा माणूस अंतरात चुकेल? आणि मग अनघाच्या डोक्यात पहिल्यांदा तो नको असलेला विचार आला. पाकीट चुकत नसेल तर पट्टीच चुकते आहे.

तिने संदर्भाचा फोटो मोठा केला. समोरून फ्लॅश मारलेला. सावलीचा मागमूस नाही, ठसा किती खोल हे ब्रह्मदेवालाही कळलं नसतं. असला फोटो संदर्भात घेतला कुणी? कंपनीने स्वतः दुकानातून विकत घेतलेल्या अस्सल वस्तूंचं एक कपाट आहे. त्यात हे लांब पाकीट नव्हतं, पण त्याच साली घेतलेलं लावोरेचं कार्डांचं छोटं पाकीट होतं. ते तिने बाहेर काढलं, तिरक्या उजेडात ठेवलं आणि मोजलं. साचा लहान, पण घडण तीच. सहावा भाग.

मग तिने त्या संदर्भावर पास केलेली सगळी लांब पाकिटं एकेक करून उघडली. चौदा होती. चौदाही पाकिटांची फट चौथा भाग. आणि त्यातल्या अकरांच्या आर या अक्षराच्या पायाला, अगदी एकाच जागी, एक बारीक खाच. खाच साच्यात असली की तो साचा जिथे जिथे पडेल तिथे ती उमटणारच, त्यात नवल नाही. पण आत छापलेल्या उत्पादनाच्या तारखा बघा: एक २०१२, एक २०१५, दोन २०१९. सात वर्षं तोच साचा, आणि खाच केसभरही वाढली नाही की झिजली नाही? कुठल्या कारखान्यात असं होतं? ही अकराही पाकिटं एकाच दमात, एकाच साच्याखालून निघाली होती, तारखा मागाहून हव्या तशा छापलेल्या. आणि संदर्भाच्या आरलाही तीच खाच होती.

खोट्या पाकिटाला अस्सल मानून, चार वर्षं त्याच्याशी खऱ्याखोट्याची तुलना चालली होती! खोटी पास होत होती आणि खरी नापास.

संदर्भ कुणी नोंदवला, हे बघायला एक कळ दाबावी लागते. दाबायच्या आधीच तिला आठवलं. नोकरीचा तिसरा महिना. पाकिटाबरोबर डबा होता, दुकानाची पावती होती, पावतीवर शिक्का होता. पावती खरीच होती. दुसऱ्या कुठल्यातरी पाकिटाची. अनघाने कागदावर विश्वास ठेवला, ठसा नीट पाहिलाच नाही. तिने कळ दाबली. स्वतःचंच नाव. आता ही गोष्ट तिची होती, आणि एप्रिलमध्ये तिला कायम करायचं की नाही, हे या महिन्याअखेर ठरणार होतं.

त्या संध्याकाळी घरी तिने प्रथमेशला सगळं सांगितलं. तो काही वाईट माणूस नाही, पण घाबरट आहे. ‘तू फक्त ते पाकीट पास कर ना,’ तो म्हणाला. ‘संदर्भाचं नंतर हळूच बघता येईल. कायम झाल्यावर.’

‘आणि तोपर्यंत पंधरावं, सोळावं पास करू?’

‘मी फक्त म्हणतोय.’

‘म्हणू नकोस,’ ती म्हणाली, आणि कणीक इतकी तिंबली की मैथिलीने, त्यांच्या आठ वर्षांच्या लेकीने, जपानीत विचारलं, ‘ममा, कणकेने काय केलंय?’ तेव्हा तिला हसू आलं. पण निर्णय कधीच झाला होता. प्रश्न फक्त ओनो-सानना कसं पटवायचं एवढाच होता.

शुक्रवारी सकाळी नऊला तिने ओनो-सानसमोर फोटो मांडले. सुनेत्राचे जुने, सुनेत्राचे नवे, कपाटातलं कार्डाचं पाकीट, संदर्भ, आणि अकरा खाचा एका ओळीत. ओनो-साननी चष्मा डोळ्यांवर घेतला. वीस मिनिटं बघत होत्या. मग म्हणाल्या, ‘हा संदर्भ कोणाचा?’

‘माझा.’ आणि तिने सोबत आणलेला लिफाफा पुढे केला. शिमात्सुशो. चूक झाली की जपानी ऑफिसात हाताने लिहून द्यायचं कबुलीपत्र. सहसा साहेबांनी मागितल्यावर लिहितात. तिने पहाटे उठून, न मागता, दोन पानं लिहिली होती.

ओनो-साननी ते उघडलं नाही. ‘चौदा खरेदीदारांना कळवावं लागेल,’ त्या एवढंच म्हणाल्या. ‘ती पत्रं आजच काढते. सेंदाईचं पाकीट निकषात बसतं. मी सही करते. विकणाऱ्या बाई आणि मूळ मालकीण, दोघींनाही पत्र जाईल.’

अर्ध्या तासाने पत्राचा मसुदा तिच्या स्क्रीनवर आला. ठरलेलं, गुळगुळीत वाक्य: ‘नव्या छायाचित्रांच्या आधारे पुन्हा तपासले असता सदर वस्तू आमच्या निकषात बसते.’ बस्स. कुणाची चूक नाही, काही नाही.

ती उठली आणि परत गेली. ‘हे पत्र असं जाऊन चालणार नाही.’

ओनो-साननी वर पाहिलं. त्यांना कुणी असं सांगायची सवय नव्हती.

‘चिबा-सानच्या जागी बसून वाचा,’ अनघा म्हणाली. ‘आधी दोनदा पाकीट खोटं. मग बोभाटा झाला. मग एकाएकी नवे फोटो, आणि पाकीट खरं! त्या काय समजतील? शेजारणीने बदललं होतं, पकडली जाईल म्हणून घाबरून खरं परत आणून ठेवलं. हे पत्र तिला सोडवत नाही, ओनो-सान. हे तिला पक्कं अडकवतं.’

ओनो-साननी मसुदा पुन्हा वाचून काढला. मग म्हणाल्या, ‘पहिल्या आणि शेवटच्या फोटोंतलं पाकीट एकच आहे, हे दाखवता येईल तुम्हाला?’

‘येईल.’ तिने ते आधीच केलं होतं. दोन्ही फोटोंत ईच्या मधल्या रेघेचा वर्ख उजवीकडे एकाच जागी झिजलेला होता, आणि एलच्या खालचे चामड्याचे दाणे मोजून सत्तावीस, तसेच्या तसे, त्याच मांडणीत. चामड्याचे दाणे दोन पाकिटांत सारखे पडत नाहीत. ते जनावराच्या पाठीवरून येतात, साच्यातून नाही. ‘दोन्ही फोटो शेजारी शेजारी लावा, खुणा करा आणि पत्राला जोडा. आणि लिहा की वस्तू पहिल्यापासून हीच होती, पहिल्यापासून अस्सल होती. चूक आमच्या संदर्भात होती. विकणाऱ्या बाईंचा काहीही दोष नाही.’

‘कंपनी स्वतःची चूक अशी लिहीत नाही.’

‘मग माझी लिहा. संदर्भ नोंदवणारी म्हणून माझं नाव घाला.’

‘नाव गेलं की वरचे लोक ते वाचतील. महिनाअखेरीला तुमच्या नावावर चर्चा आहे, माहीत आहे ना?’

‘माहीत आहे. घाला.’

ओनो-साननी मसुदा स्वतः पुन्हा लिहिला. तीनदा खोडला. साडेचारला पत्र निघालं, मेलने दोघींना, आणि चिबा-सानना कागदावरही, फोटोंसकट, कारण शहात्तर वर्षांची बाई स्क्रीनवर दाणे मोजणार नव्हती. पाच वाजता सुनेत्राचं खातं बंद झालं नाही.

महिनाअखेरीला अनघा कायम झाली नाही. आणखी एक वर्षाचा करार, त्याच पगारावर, आणि संदर्भ नोंदवायचा अधिकार काढून घेतलेला. प्रथमेशने न विचारता चहा केला, हेच खूप. ऑफिसात कुणी तिला दुखावलं नाही, फक्त ‘अनघा-सानना विचारा’ हे वाक्य काही दिवस ऐकू आलं नाही. तिला त्याचं वाईट वाटलं. खोटं कशाला सांगायचं, चांगलंच वाईट वाटलं. चारपाच दिवस ती स्टेशनवरून येताना रडकुंडीला यायची, आणि मग स्वतःवरच चिडायची.

त्यानंतरच्या मंगळवारी ओनो-साननी तिच्या टेबलावर एक लिफाफा आणून ठेवला. सेंदाईचा शिक्का. आत ब्रशपेनने लिहिलेलं, सुबक, थरथरत्या अक्षरांचं पत्र. कंपनीला लिहिलेलं, पण पहिल्याच ओळीत अनघाचं नाव. चिबा-साननी आधी हवामानाबद्दल लिहिलं होतं, मग तब्येतीबद्दल, मग पत्राबद्दल आभार. अनघा एकेक शब्द बोट ठेवून वाचत गेली.

शेवटी लिहिलं होतं: ‘पाकीट मी आता विकणार नाही. सुनेत्रा-सानकडे मी त्याच दिवशी गेले आणि माफी मागितली. त्यांनी मला आत बसवून चहा दिला. पण ते पुरेसं नाही. तुमचं पत्र येण्याआधी मी या बिल्डिंगमध्ये तीन घरी त्यांच्याबद्दल वाईट बोलले होते. आज तुमचं पत्र आणि फोटो घेऊन मी त्या तिन्ही दारांवर जाणार आहे.’